धर्म व्यापाऱ्याला घडवतो का? चेट्टियार, जैन आणि वेबरचा जुना वाद

अनिकेत_प

बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला प्रश्न इथे मांडतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने १९०४-०५ मध्ये मांडलं की प्रॉटेस्टंट पंथांच्या शिकवणीमुळे माणसं कष्ट करू लागली, चैन टाळू लागली, साठलेला पैसा पुन्हा धंद्यात घालू लागली आणि त्यातून आधुनिक भांडवलशाहीची मनोवृत्ती तयार झाली. पुढे भारतातल्या धर्मांवर लिहिताना त्याला जैन व्यापाऱ्यांमध्ये याच्याशी मिळतंजुळतं काहीतरी दिसलं.

मी सध्या तमिळनाडूतल्या नाट्टुकोट्टई चेट्टियारांबद्दल वाचतोय. कट्टर शिवभक्त, मुरुगनाचे उपासक, देवळांवर सढळ हाताने खर्च करणारे. आणि याच लोकांनी ब्रह्मदेश, मलाया, सिलोनमध्ये सावकारीचं एवढं मोठं जाळं विणलं की १९३०च्या सुमारास एकट्या ब्रह्मदेशात त्यांच्या दीड हजारांहून जास्त पेढ्या होत्या. वेबरच्या हिशोबाने देवळांवर उधळपट्टी करणारा समाज भांडवल साठवण्यात मागे पडायला हवा. इथे तर नेमकं उलटं घडलंय.

मग धर्मातल्या नीतीचा माणसाच्या आर्थिक वागण्यावर खरोखर परिणाम होतो, की धंदा आपल्या वाटेने चालतो आणि त्याचं कारण आपण मागाहून धर्मात शोधतो?

मंजुळा

जैनांच्या बाबतीत तरी परिणाम होतो, हे स्पष्ट आहे. अहिंसा हे पहिलं व्रत. नांगर चालवला की जमिनीतले जीव मरतात, म्हणून शेती वर्ज्य. जंगलतोड, शस्त्रं, विष, जनावरांचा व्यापार हेही श्रावकाला निषिद्ध. मग उरतं काय? कापड, जवाहिर, सराफी, सावकारी. धर्माने एकेक दार बंद करत त्यांना पेढीवर आणून बसवलं. त्यात परिग्रह-परिमाण व्रत, म्हणजे आपल्याकडे किती असावं याची मर्यादा स्वतःच आखून घ्यायची. खर्चाला लगाम लागला की पैसा साठणारच. सतराव्या शतकात सुरतेचा वीरजी व्होरा इंग्रजांच्या कंपनीला कर्ज देत होता आणि अहमदाबादचा शांतिदास झवेरी मुघल दरबाराला जवाहिर पुरवत होता. दोघेही जैन. याला योगायोग म्हणायला मी तयार नाही.

रानवाट

मंजुळाताई, व्रतांबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात जाऊन बघा. तिथले जैन मोठ्या संख्येने शेतकरी आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या आहेत. चतुर्थ जैन म्हणजे नांगर धरणारा समाज. तेच तीर्थंकर, तेच अहिंसा व्रत, तीच शिकवण. शेती हा धर्माने बंद केलेला दरवाजा असता तर तो या लोकांसाठी उघडा कसा राहिला?

दुसरी बाजू गुजरातेत दिसते. तिथल्या वाण्यांमध्ये श्रावक म्हणजे जैन आणि मेश्री म्हणजे वैष्णव, असे दोन्ही आहेत. अनेक पोटजातींमध्ये हे दोन्ही एकत्र नांदत आले आणि त्यांच्यात बेटीव्यवहारही होत आले. एकाच्या घरात पर्युषण, दुसऱ्याच्या घरात कृष्णाची सेवा. पेढीवर बसलेले असताना त्यांच्या हिशोबाच्या पद्धतीत, व्याजाच्या आकारणीत किंवा हुंडीच्या वापरात धर्मामुळे पडलेला फरक दाखवून द्या. मला तरी तो सापडलेला नाही.

म्हणजे एकीकडे धर्म तोच आणि धंदा वेगळा, दुसरीकडे धर्म वेगळा आणि धंदा तोच. हे दोन्ही शेजारी ठेवले की 'व्रतामुळे व्यापार' हे कारण फार लंगडं पडतं.

मंजुळा

चतुर्थांचा मुद्दा बिनतोड आहे, तो मान्य. पण मग माझं म्हणणं थोडं बदलून सांगते. धर्म धंदा ठरवत नसेल, पण आलेल्या पैशाचं काय करायचं हे नक्की ठरवतो. पालिताण्याच्या डोंगरावरची देवळं व्यापाऱ्यांच्या पैशातूनच उभी राहिली ना?

सुधीर_ज

धागा वाचला. माझा अनुभव सांगतो. धार्मिक माणूस धंद्यात प्रामाणिक असतो, या भरवशावर मी एकदा फार मोठा फटका खाल्ला आहे. माझा भागीदार पहाटे उठून दोन तास पूजा करणारा, एकादशी न चुकवणारा. उधारीवर माल उचलून त्याने परस्पर विकला आणि वसुलीचे पैसे फर्मच्या खात्यात कधी आलेच नाहीत. मी त्याची वही तपासली नाही, कारण त्याच्या भक्तीकडे बघून विचारायलाच संकोच वाटायचा. तेव्हा धर्माने आर्थिक वागणूक सुधारते हे कुणी मला सांगू नये.

अनिकेत_प

सुधीरकाका, वाचून वाईट वाटलं. पण माझा प्रश्न धार्मिक माणूस चांगला असतो का, हा नाहीये. एखाद्या समाजाचा धर्म त्या समाजाच्या धंद्याच्या रीतींना आकार देतो का, हा आहे. त्या रीती चांगल्याही असतील, वाईटही.

वहीखाते

अनिकेत, सुधीरकाकांचा अनुभव मला विषयाबाहेरचा वाटत नाही. त्यांनी भागीदाराची भक्ती पाहिली, वही पाहिली नाही. चेट्टियारांनी हे कधीच केलं नसतं, आणि मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच दडलेलं आहे. जरा सविस्तर लिहितो.

चेट्टियारांची नऊ कुळदेवळं आहेत. इळयातंगुडी, मात्तूर, वैरवनपट्टी, पिळ्ळैयारपट्टी वगैरे. प्रत्येक घर यातल्या एकाशी बांधलेलं. लग्न झालं की ते जोडपं त्या देवळाच्या यादीत एक 'पुळ्ळी' म्हणून नोंदलं जातं आणि पुळ्ळीमागे देवळाची वर्गणी ठरते. लग्नाच्या वेळी कुळदेवळातून हार यावा लागतो, त्याशिवाय ते लग्न समाजात धरलं जात नाही. थोडक्यात, कोण आपला, कोणत्या घरचा, कुणाची बाकी थकली आहे, हे देवळाला ठाऊक असतं.

आता पेढी बघा. रंगूनच्या पेढीचा मालक चेट्टिनाडमध्ये, म्हणजे तमिळनाडूतल्या चेट्टियारांच्या मूळ मुलखात असायचा आणि तिकडे मुनीम म्हणजे एजंट चेट्टियारच नेमायचा. करार साधारण तीन वर्षांचा. पगार आधी ठरलेला, त्यातला काही भाग निघतानाच घरी दिला जायचा. बायकामुलं गावीच राहायची. तीन वर्षं तो माणूस समुद्रापलीकडे मालकाच्या लाखो रुपयांचा व्यवहार बघणार, हवं त्याला कर्ज देणार, गहाणखतं करून घेणार. परत आला की वह्या मालकापुढे ठेवायच्या. हिशोब चोख निघाला तर पुढची नेमणूक अधिक पगारावर, आणि काही फेऱ्यांनंतर स्वतःची पेढी काढायला त्याच मालकाकडून ठेव मिळण्याची शक्यता. हिशोबात खोट निघाली तर ती बातमी एका पेढीपुरती राहत नव्हती, कारण सगळ्या मालकांची गावं, देवळं आणि सोयरीक एकच होती.

रंगूनमध्ये मुघल स्ट्रीटवर त्यांच्या पेढ्या होत्या. दर महिन्याला चेट्टियार देवळात जमायचे आणि आपसातल्या कर्जाचा चालू व्याजदर तिथे ठरवायचे. बाहेरगावच्या पेढ्यांनाही तोच दर लागू. पेनांगला १८५७ मध्ये आणि सिंगापूरला १८५९ मध्ये त्यांनी मुरुगनाची देवळं बांधली. धंद्याची बैठक, तंटे, वर्गणी, उत्सव हे सगळं त्या देवळाभोवती फिरायचं.

आणि 'मगमै'. व्यवहारामागे थोडी थोडी रक्कम देवाच्या नावाने वेगळी काढायची. वहीत तिचं स्वतंत्र खातं असायचं. या पैशातून देवळं, अन्नछत्रं, काशीपर्यंतच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या. अनिकेत ज्याला उधळपट्टी म्हणतात ती व्यापाऱ्याच्या दृष्टीने उधळपट्टी नव्हती. एखादं घर मगमै वेळेवर भरतंय, उत्सवाला आपला वाटा देतंय, याचा अर्थ त्या घराचा धंदा नीट चाललाय, हे सगळ्यांना दिसायचं. ठेव कुणाकडे ठेवायची हे ठरवताना हीच माहिती उपयोगी पडायची.

म्हणून माझं मत असं की धर्माने चेट्टियाराला 'काटकसर कर' असं शिकवलं म्हणून तो श्रीमंत झाला, हे खरं नाही. धर्माने त्याला एक असं वर्तुळ दिलं ज्यात माणूस पारखता यायचा, आणि पळून गेला तर त्याचं बरंच काही मागे अडकून राहायचं.

मंजुळा

हे वाचून थक्क झाले, पण एक गोष्ट टोचतेय. तुमच्या वर्णनात देऊळ म्हणजे नुसती कचेरी झालीय. देवावरची श्रद्धा काढून टाकली आणि त्या जागी एखादी व्यापारी संघटना ठेवली तर सगळं तसंच चालेल, असं तुम्हाला म्हणायचंय का? तीन वर्षं परदेशात एकटा राहिलेला मुनीम रात्री वही लिहिताना फक्त मालकाला घाबरत असेल आणि मुरुगनाला नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. मगमैचं खातं देवाच्या नावाचं होतं. त्यात हात घालणं आणि मालकाच्या खात्यात हात घालणं त्याच्या मनात एकसारखं असेल का?

हिरेबाजार

मंजुळा, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे एक उदाहरण आहे. मी काही वर्षं अँटवर्पला हिऱ्यांच्या कंपनीत वर्गीकरणाचं काम केलं. तिथे हा धंदा पूर्वी मुख्यतः ज्यूंच्या हातात होता, नंतर पालनपूरचे जैन मोठ्या प्रमाणावर आले. सौदा पक्का झाला की हात मिळवून 'मझल' म्हणतात. हिब्रूतला शुभेच्छेचा शब्द. जैन व्यापारी दुसऱ्या जैन व्यापाऱ्याशी सौदा करतानाही तोच शब्द वापरतो. एकदा मझल म्हटलं की सौदा झाला, कागदावर सही असो वा नसो. त्यानंतर भाव पडला तरी मागे फिरता येत नाही.

मी पाहिलेली पद्धत सांगतो. दलाल पुडकं घेऊन येतो. माल बघून घेणारा आपला भाव सांगतो आणि पुडकं मोहोरबंद करून ठेवतो. विकणाऱ्याचा होकार येईपर्यंत ते पुडकं दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाही. होकार आला की मझल. तंटा झाला तर कोर्टात न जाता बोर्सच्या, म्हणजे हिरे व्यापाऱ्यांच्या बाजारसंस्थेच्या, लवादाकडे जायचं. तिथला निवाडा पाळला नाही तर सदस्यत्व जातं आणि जगभरच्या हिरे बोर्सना ते कळवलं जातं.

शब्द ज्यू धर्मातून आला, म्हणणारा जैन, शिक्षा करणारी संस्था कुठल्याच धर्माची नाही. तरी शब्द पाळला जातो. श्रद्धेशिवाय चालतं, हे मी स्वतः पाहिलंय.

मंजुळा

पण तुमच्याच उदाहरणात ज्यूंनी आधी आपसातल्या विश्वासावर ती रीत बसवली आणि मग बाकीच्यांना ती तयार मिळाली. पहिला विश्वास कुठून आला?

हिरेबाजार

याचं ठाम उत्तर मी देऊ शकत नाही. एवढं मात्र सांगतो की मोठी उधारी तिथेही आधी नात्यात आणि गावात दिली जायची. अनोळखी जैनाला फक्त जैन म्हणून कुणी पुडकं सोपवत नव्हतं. कुणाचा कोण, हे पालनपूरला फोन करून विचारलं जायचं.

अनिकेत_प

वहीखाते, एक विचारायचं होतं. ब्रह्मदेशात पुढे चेट्टियार शेतजमिनींचे मालक झाले आणि त्यावरून फार कटुता निर्माण झाली, असं वाचलं. तेव्हा हा समाज मुळातच जमीन बळकावणारा होता का? म्हणजे त्यांच्या धर्मनीतीत बाहेरच्या माणसाला जागाच नव्हती, असं म्हणता येईल का?

वहीखाते

याचं उत्तर सालांच्या क्रमाने बघायला हवं. खालच्या ब्रह्मदेशातल्या १३ प्रमुख भातपिकाच्या जिल्ह्यांत १९३० मध्ये चेट्टियारांकडे सुमारे ६ टक्के जमीन होती. १९३८ पर्यंत ती २५ टक्क्यांवर गेली. जेमतेम आठ वर्षांत चौपट.

या आठ वर्षांत त्यांची देवळं तीच होती, मगमै तीच होती, मुरुगन तोच होता. बदलला तो भाताचा भाव. जागतिक मंदीत तो निम्म्याच्याही खाली कोसळला. हे कसं घडलं ते एका कल्पित उदाहरणाने सांगतो. शेतकऱ्याने दोन हजारांची जमीन गहाण ठेवून हजार रुपये घेतले. भात विकून तो दरवर्षी व्याज आणि थोडं मुद्दल फेडायचा. भाव निम्मा झाला, तर तेवढंच पीक विकूनही मजुरी आणि सारा भागत नाही, मग व्याज कुठून देणार? दोन वर्षं व्याज थकलं की देणं हजाराच्या बरंच वर जातं. इकडे भाताबरोबर जमिनीचीही किंमत पडलेली असते. दोन हजारांची जमीन आठशेलाही कुणी घेत नाही. सावकाराने ती विकायला काढली तर गिऱ्हाईक नाही, सोडून दिली तर आपल्याकडच्या ठेवीदाराचे पैसे बुडतात. शेवटी ती त्याच्याच नावावर येते.

चेट्टियारांना शेती करायची नव्हती. त्यांचा सगळा धंदा पैसा फिरता ठेवण्यावर उभा होता आणि जमिनीत अडकलेला पैसा त्यांच्या दृष्टीने मेलेला पैसा. ब्रह्मदेशातलं त्यांचं भांडवल त्या वेळच्या बँकिंग चौकशीत सुमारे ७५ कोटी रुपये धरलं होतं आणि त्यातला दोन तृतीयांशाहून मोठा वाटा पेढ्यांच्या मालकांचा स्वतःचा होता. तो पैसा असा गोठला.

शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर हा सगळा तपशील निरर्थक आहे. त्याची जमीन गेली. डिसेंबर १९३० मध्ये साया सानच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचं बंड पेटलं त्यामागे या हलाखीचा मोठा हात होता. मी फक्त एवढंच म्हणतोय की सहा टक्क्यांचे पंचवीस टक्के होण्याचं कारण धर्मात शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

रानवाट

इथे मी वहीखात्यांशी थोडा असहमत आहे. जमीन हातात येण्याचं कारण मंदी, हे मान्य. पण ती येण्याआधीची रचना बघा ना. देवळात ठरलेला दर कुणासाठी होता? चेट्टियाराने चेट्टियाराला द्यायच्या कर्जासाठी. भात पिकवणाऱ्याला त्याहून चढा दर. देवळातल्या बैठकीत शेतकरी नव्हता, त्याची बाजू मांडणारा कुणी नव्हता, आणि चेट्टियाराने त्याच्याशी कठोर व्यवहार केला म्हणून कुळदेवळाचा हार कधी अडणार नव्हता. जी नीती आत एवढी कडक होती ती कुंपणापर्यंतच होती. धर्माने वागणूक घडवली का, या प्रश्नाचं मला दिसणारं उत्तर असं आहे. घडवली, पण कुणाशी कसं वागायचं याची हद्द आखून.

वहीखाते

दर चढा होता, हे बरोबर. मात्र स्थानिक सावकारांपेक्षा तो कमी होता, म्हणूनच शेतकरी चेट्टियाराकडे यायचा. आणि तारण बघून दर ठरवणं हे कुठलीही बँक करते, त्यासाठी धर्माची हद्द लागत नाही. पण देवळात शेतकऱ्याला आवाज नव्हता, या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही.

केतकी_ह

रानवाट यांनी जे कुंपण म्हटलं ना, वेबरचा खरा मुद्दा तिथेच होता, आणि वर सगळेच त्याला फक्त काटकसरीचा सिद्धांत मांडणारा समजून बोलताहेत. तो १९०४ मध्ये अमेरिकेत गेला होता. तिथे आगगाडीत एका फिरत्या विक्रेत्याशी त्याची गाठ पडली. कुणी कुठल्या चर्चमध्ये जातं याच्याशी मला देणंघेणं नाही, पण जो कुठेच जात नाही त्याला मी पन्नास सेंटचीही उधारी देणार नाही, अशा अर्थाचं तो बोलला. पुढे नॉर्थ कॅरोलायनात एका तळ्यावर थंडीत चाललेला बाप्तिस्मा वेबरने पाहिला. थंडगार पाण्यात उतरलेल्या एका तरुणाबद्दल त्याच्या नातेवाइकाने सांगितलं की याला बँक उघडायची आहे. बाप्तिस्ट पंथात घेण्याआधी माणसाच्या वागण्याची कसून चौकशी होते, त्यामुळे एकदा आत घेतला की आसपासचे सगळे, इतर पंथांचेसुद्धा, त्याच्याकडे निर्धास्तपणे ठेवी ठेवतात.

म्हणजे वहीखात्यांनी देवळाबद्दल जे सांगितलं ते वेबरला चांगलं ठाऊक होतं. तो फरक करत होता तो असा: पंथात तुम्ही पारखून घेतले जाता, जातीत तुम्ही जन्मता. पंथाचा सदस्य बाहेरच्यालाही विश्वासाचा वाटतो, कारण त्याचं वागणं तपासलेलं असतं. जातीचा विश्वास जातीतच फिरतो. म्हणून त्याच्या मते भारतातला व्यापार मोठा झाला तरी तो व्यापारी भांडवलाच्या पुढे गेला नाही. जैनांच्या बाबतीतही तो म्हणाला की धर्माच्या बंधनांमुळे ते उद्योगात उतरू शकले नाहीत.

रानवाट

केतकीताई, बाप्तिस्म्याचा दाखला फार मोलाचा आहे. मात्र वेबरचा शेवटचा निष्कर्ष पुढच्या इतिहासाने खोडला. कस्तुरभाई लालभाई जैन होते, थेट शांतिदास झवेरींच्या घराण्यातले, आणि अहमदाबादच्या गिरणी उद्योगातलं ते मोठं नाव. अहमदाबादची पहिली कापड गिरणी १८६१ मध्ये रणछोडलाल छोटालाल यांनी सुरू केली आणि ते नागर ब्राह्मण, व्यापारी समाजातलेसुद्धा नाहीत.

वहीखाते

चेट्टियारांच्या बाबतीतही जन्म आणि पारख ही विभागणी पूर्ण बसत नाही. वर्तुळात प्रवेश जन्माने, हे खरं. पण ठेव आणि नेमणूक जन्माने मिळत नव्हती. त्यासाठी तीन-तीन वर्षांच्या वह्या दाखवाव्या लागत. आत जन्मलेल्या प्रत्येकाची आत पुन्हा परीक्षा होतीच.

आणि हे वर्तुळ तुटायला लागल्यावर त्यांनी काय केलं तेही बघा. १९३७ मध्ये एम. सीटी. एम. चिदंबरम चेट्टियार यांनी इंडियन ओव्हरसीज बँक काढली. पहिल्याच दिवशी कारैकुडी, मद्रास आणि रंगून अशा तिन्ही ठिकाणी एकदम कचेऱ्या उघडल्या. नोंदलेली कंपनी, भागधारक, कुणालाही खातं. १९४२ मध्ये जपानी आले तेव्हा ब्रह्मदेशातून चेट्टियारांना पळावं लागलं आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने तिथल्या जमिनी सरकारजमा करण्याची वाट मोकळी झाली. पेढ्यांचं जाळं संपलं. चेट्टिनाडची नऊ देवळं आजही आहेत आणि लग्नाचा हार आजही तिथूनच येतो.

मंजुळा

मग हे माझ्या बाजूचं झालं ना! कर्ज द्यायला देऊळ लागेनासं झालं, तरी देऊळ टिकलं. ते नुसती पतपेढी असतं तर पेढ्यांबरोबरच बंद पडलं असतं.

वहीखाते

श्रद्धा खोटी होती असं मी कुठेच म्हटलेलं नाही. देऊळ श्रद्धेने टिकलं, पेढी देवळाच्या यादीवर चालली. तुम्हाला सिद्ध करायचंय ते वेगळं आहे: श्रद्धा कमी असलेला मुनीम आणि जास्त असलेला मुनीम, दोघांवर सारखाच सामाजिक दाब असताना वहीत वेगवेगळं वागले. तसा पुरावा कुठल्या समाजाचा सापडला तर जरूर टाका, माझं मत बदलेल.

सुधीर_ज

वहीखाते, तुम्ही वर लिहिलंत की मालक तीन वर्षांनी वह्या तपासायचा. मधल्या काळात एजंटने पैसे फिरवले तर ते त्याला कळायचं कसं?

वहीखाते

काका, मधल्या काळात तो अंधारात नसायचा. एजंटकडून गावी नियमित हिशोब यायचा, आणि रंगूनच्या पेढ्या एकमेकींकडून रोज उसनवार करत असल्याने एकीच्या वहीतली रक्कम दुसरीच्या वहीत उलट बाजूला दिसायची. दोन्ही जुळल्या नाहीत की शेजारच्या पेढीचाच माणूस मालकाला पत्र टाकायचा. तुमच्या प्रकरणात भागीदाराने ज्यांना माल विकला त्यांच्या वह्या तुम्हाला बघायला मिळाल्या असत्या का?

सुधीर_ज

नाही. त्यातले दोघे तर मला ओळखतही नव्हते.